‘लवकर घ्या’ म्हणायचंय, पण खोटं बोलायचं नाहीये

धागादोरा: हातमागाच्या सुती साड्या विकते. या वेळी जांभळ्या रंगाच्या १६ साड्या येतायत. विणकर काकांच्या दोन मागांवर उभ्या सुताचा एकेक ताणा, ताण्याला आठ साड्या. त्यातल्या दोन जुन्या गिऱ्हाइकांनी आधीच सांगून ठेवल्यात. शनिवारी रात्री आठला लाइव्ह आहे. पोस्ट लिहून देणारा मुलगा म्हणतो, ‘फक्त ५ उरल्या’ आणि ‘पुन्हा कधीच मिळणार नाही’ टाका. मन घेत नाही, पण माल पडून राहायची भीतीही आहे. काय लिहू?

बाजारबुणगा: मुलगा बरोबर सांगतोय. घाई नसेल तर बाई ‘नंतर बघू’ म्हणते, आणि तो नंतर येतच नाही. पाच म्हणा नाहीतर चौदा, मोजायला कोण येतंय?

ताणाबाणा: मोजतात हो. लाइव्हमध्ये पाच म्हणायचं आणि कमेंटमध्ये नऊ जणींना ‘बुक झाली’ लिहायचं, हे सगळ्यांना दिसतं. शिवाय हा फक्त सचोटीचा प्रश्न नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये डार्क पॅटर्नची, म्हणजे ऑनलाइन गिऱ्हाइकाला फसवून घ्यायला लावणाऱ्या युक्त्यांची, जी नियमावली काढली, तिच्यातल्या १३ प्रकारांत पहिलाच खोट्या घाईचा आहे. माल आहे त्यापेक्षा कमी दाखवणं त्यातच येतं.

आता तुमच्याकडचं खरं बघा. ‘पुन्हा कधीच नाही’ खोटं आहे, कारण काका पुन्हा जांभळी विणतीलच. पण सूत पुढच्या खेपेला रंगवलं की छटा तंतोतंत जुळत नाही, हे खरं आहे. तेवढंच सांगा. मी असं लिहीन:

‘दोन ताणे, सोळा साड्या. दोन आधीच ठरल्या आहेत, चौदा आज विकायला. या रंगवणीचं सूत संपलं. पुढची जांभळी येईल, पण छटेत थोडा फरक असेल. पैसे आले की साडी तुमची, नुसतं “मला हवी” धरणार नाही.’

शेवटचं वाक्य गाळू नका. खोटे आकडे बऱ्याचदा तिथूनच जन्माला येतात. तोंडी बुकिंग मोजून ‘संपल्या’ म्हणायचं आणि सोमवारी तीन जणींनी हात वर केले की तीन साड्या परत दाखवायच्या, मग आधीचं ‘संपल्या’ही खोटं वाटतं. तसं झालंच तर उघड लिहा: ‘तीन बुकिंग रद्द झाली, तीन मोकळ्या.’

आंबटगोड: माझंही ऐका! एका साइटवर आंब्याची पेटी घेत होतो. ‘१० मिनिटं उरली’ असं घड्याळ. पान रिफ्रेश केलं, पुन्हा १० मिनिटं! दुसऱ्या दिवशीही तेच. आता घड्याळ दिसलं की मी पळतो. अशा लोकांची तक्रार कुठे करायची?

ताणाबाणा: १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर. पण धागा साड्यांचा आहे 🙂 तुमचं घड्याळ इथे उपयोगी आहे मात्र: मुदतीमागे काहीतरी घडणार असेल तरच ती मुदत.

धागादोरा: चौदा गेल्या तर पुढच्या ताण्यांसाठी आगाऊ नोंदणी घेऊ का? सूत रंगाऱ्याकडे २० तारखेला जायला हवं.

ताणाबाणा: घ्या. आणि मुदतीचं कारण तेच लिहा, ‘१९ च्या रात्री नोंदणी बंद, कारण २० ला सूत रंगायला जातं’. दोन मागांवर सोळाच साड्या निघणार, म्हणून सोळा नोंदी झाल्या की १९ च्या आधीही बंद. एका साडीला अडीच दिवस धरले तर आठांना वीस दिवस, वर रंगवणं आणि ताणा चढवणं दहा दिवस. पाच आठवडे सांगा, चार नको. आणि नोंदी फारच कमी आल्या तर काय, हे आत्ताच ठरवा. ‘दहाच्या खाली राहिल्या तर विणणार नाही, सगळे पैसे परत’ हे लिहिलंत तर घ्यावी की नको म्हणणारी स्वतःच मैत्रिणीला फोन करते.

बाजारबुणगा: आणि तीस मागण्या आल्या तर? सोळावर थांबायचं म्हणजे दारात आलेली लक्ष्मी परत पाठवायची. शेजारच्या मागांवर विणून घ्या की.

ताणाबाणा: काकांच्या नावावर विकताय आणि विणतोय दुसराच, तर तेही लिहावं लागेल.

सुईदोरा: मला बाजारबुणगांचं थोडं पटतं. मी पिशव्या शिवते. १९ ला बंद म्हणून बंदच केलं, आणि २० ला आलेल्या चौघी दुखावल्या. पुढच्या वेळी दोघीच आल्या. ताणाबाणा म्हणतात तितकं सरळ नाही हे.

ताणाबाणा: मान्य, ज्या आल्या नाहीत त्या दोघी मलाही परत आणता येणार नाहीत. पण २० ला दार उघडलं असतंत तर १९ ला पैसे भरलेल्यांना काय सांगितलं असतंत?

सुईदोरा: तेच तर कळत नाही.

धागादोरा: ‘फक्त ५’ काढलं. मुलगा रुसलाय. शनिवारी चौदा लिहून बसते, सांगते काय झालं ते.