बी-३०२ चं नेट रडतंय (सोसायटी ग्रुप, रविवार)

विद्याकाकू (बी-३०२): कुणाचं नेट चालू आहे का ओ? आमचं चार दिवस झालं नुसतं फिरायलंय. शंभरचा प्लॅन, स्पीड टेस्टला चार दाखवतंय. प्रणवची आज संध्याकाळी ऑनलाइन मुलाखत आहे. कंपनीवाला म्हणतो, "लाइट हिरवा आहे ना, मग आमच्याकडून ओके."

सेक्रेटरीकाका: राउटर बंद करून चालू करा.

विद्याकाकू: दहादा केलं भाऊजी.

नितीन (ए-१०४): काकू, स्पीड टेस्टनं दुखतंय एवढंच कळतं, कुठं दुखतंय ते कळत नाही. वाटेचे तीन तुकडे धरा. लॅपटॉप ते राउटर, राउटर ते कंपनीचं पहिलं मशीन, आणि तिथून पुढं जग. एकेक तपासू. प्रणव, लॅपटॉप कुठं आहे?

प्रणव (बी-३०२): आतल्या खोलीत, दादा.

नितीन: तिथंच बस. मोबाइलवरचे सगळे व्हिडिओ बंद करायला सांग, नाहीतर आकडे फसवतील. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत हे टाक. राउटरचा पत्ता वेगळा असेल तर `ipconfig` मध्ये Default Gateway समोर दिसेल.

```
ping -n 50 192.168.1.1
```

प्रणव: ५० पैकी ६ हरवले. वेळ कधी ४ मिलिसेकंद, कधी ३१०.

नितीन: पिंग म्हणजे छोटं पार्सल पाठवून उत्तर येतं का बघणं. हा पिंग घराबाहेर गेलेलाच नाही. घरातल्या घरात सहा गळाले म्हणजे वायफाय आजारी. आता राउटरपासून दोन हातांवर बसून तेच कर. फोनवर वायफायची ताकद डीबीएममध्ये दाखवणारं ॲप घे आणि दोन्ही जागांचे आकडे दे.

प्रणव: हॉलमध्ये ५० पैकी ५० आले, सरासरी २ मिलिसेकंद. ताकद हॉलमध्ये -४५, आत -८१.

विद्याकाकू: ८१ जास्त की ओ?

नितीन: उणे आहे काकू. शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. साधारण -६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सुखानं चालतो, -८० च्या खाली तुटायला लागतो. मध्ये काय आहे?

प्रणव: भिंत आणि लोखंडी कपाट. राउटर टीव्हीच्या मागं.

सेक्रेटरीकाका: सापडलं! राउटर बाहेर काढा, विषय संपला.

नितीन: थांबा काका, इथंच गफलत होते. एक दोष सापडला की माणूस दुसरा शोधायचं सोडतो. काकूंना चार आलं ते कुठं बसून?

विद्याकाकू: हॉलमध्येच की. सोफ्यावर.

नितीन: म्हणजे वायफाय चांगलं असलेल्या जागीही चारच. प्रणव, हॉलमध्येच बस. आता बाहेर जाऊ, गूगलच्या पत्त्यापर्यंत. दुसरी ओळ वाटेतलं एकेक मशीन दाखवते.

```
ping -n 50 8.8.8.8
tracert -d 8.8.8.8
```

प्रणव: पिंगमध्ये ४ गेले, बाकीचे २५ च्या आसपास. ट्रेसच्या पहिल्या चार ओळी:

```
1     2 ms     1 ms     2 ms  192.168.1.1
2    14 ms      *      16 ms  100.64.0.1
3     *         *        *    Request timed out.
4    24 ms    25 ms    24 ms  10.20.4.1
```

अमोल (सी-२०१): तिसऱ्या ओळीत सगळ्या फुल्या! तिथं लाइन तुटली आहे बघ. कंपनीला स्क्रीनशॉट पाठवा.

नितीन: तुटली असती तर चौथी ओळ आली असती का बे? तिसरं मशीन पुढचं पार्सल पुढं पाठवतंय, फक्त "मी इथं आहे" असं उत्तर देत नाही. बऱ्याच मशीनना तसंच सांगून ठेवलेलं असतं. मधल्याच ओळीत फुल्या आणि पुढं सगळं ठीक, तर सोडून द्यायचं. एका ओळीपासून गळती सुरू झाली आणि शेवटपर्यंत टिकली, तर तो खरा दोष. मला दुसऱ्या ओळीतली एकुलती फुली खटकते. पण ट्रेस दर ओळीला तीनच पार्सलं सोडतो, तेवढ्यावरून निकाल द्यायचा नाही. प्रणव, त्याच पत्त्यावर ५० सोड.

```
ping -n 50 100.64.0.1
```

प्रणव: ५० पैकी ५ गेले.

नितीन: राउटरपर्यंत शून्य, कंपनीच्या पहिल्या मशीनपाशी पाच, शेवटी चार. गळती मधल्या तुकड्यात, म्हणजे फायबरवर. आणि काकू, दहातलं एखादं पार्सल हरवलं तर स्पीड दहा टक्क्यांनी कमी होत नाही. पलीकडच्याला वाटतं रस्ता तुंबला, म्हणून तो प्रत्येक वेळी पाठवण्याचा वेग खाली आणतो. शंभरचे चार असेच होतात.

विद्याकाकू: पण लाल लाइट नाही लागला.

नितीन: प्रकाश जवळजवळ गेल्याशिवाय लाल लागत नाही. नुसता मंद झाला तर हिरवाच. ब्राउझरमध्ये `192.168.1.1` उघडा, लॉगिन राउटरच्या बुडाला चिकटवलेलं असतं. स्टेटसमध्ये PON किंवा Optical अशा पानावर `Rx Power` शोधा, आत येणाऱ्या प्रकाशाची ताकद तीच.

प्रणव: -28.7 dBm

नितीन: सापडला. या डब्यांची नेहमीची मर्यादा साधारण -२७ असते. त्याच्या खाली कधी चालतं, कधी चुका करतं. बी-३०१ ला हीच कंपनी ना? शेजारी विचारून आकडा आण.

शबाना (बी-३०१): आमचा -२०.९ आहे. नेट छान चालतंय.

नितीन: धन्यवाद भाभी. जवळपास ८ चा फरक. या मापात दर ३ ला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे काकूंकडे भाभींच्या सहावा हिस्साच पोचतोय. भाभींचं ठीक आहे, तर कंपनीच्या बाजूला बहुधा दोष नाही. तो जिन्यातल्या डब्यापासून तुमच्या राउटरपर्यंत. काकू, चार दिवसांपूर्वी घरात काय हललं?

विद्याकाकू: अय्या! दिवाण सरकवला की ओ. नणंदबाई आल्या म्हणून भिंतीला लावला.

नितीन: मागं पिवळी किंवा काळी बारीक वायर दबली आहे का बघा. तांब्याची वायर वाकवली तरी करंट जातो. काचेची वायर करकचून वळली की प्रकाश वळणावर बाहेर सांडतो. हलक्या हातानं मोकळी करा, वळण चहाच्या बशीएवढं तरी राहू द्या. हिरवा कनेक्टर काढू नका. धूळ बसली तर आणखी बिघडेल, आणि तोंडाशी डोळा नेऊ नका, तो प्रकाश दिसत नाही.

प्रणव: पाय तिच्यावरच होता. 😬 वायर दिवाण आणि भिंतीच्या कोपऱ्यात दुमडलेली. मोकळी केली, आता -21.6.

नितीन: परत ५० पिंग, दोन्ही पत्त्यांवर.

प्रणव: दोन्हीकडं शून्य गळती. हॉलमध्ये ९२!! आतल्या खोलीत मात्र ११ च.

नितीन: तो पहिला आजार, अजून तसाच आहे. राउटर टीव्हीमागून काढून कपाटाच्या आड येणार नाही असा ठेव. फायबर तिथवर ताण न देता पोचली तरच हं.

अमोल: आणि -२१.६ झाल्यावर पण पिंगमध्ये गळती राहिली असती तर?

नितीन: तर कंपनीच्या मशीनवर संशय. मग भाभींच्या घरून त्याच वेळी तोच पिंग मारायचा. दोघांचंही गळतं तर तक्रारीत तेच लिहायचं: राउटरपर्यंत शून्य, 100.64.0.1 पाशी पाच, वेळ अमुक. "नेट स्लो" लिहिलं की ते "रीस्टार्ट करा" म्हणून तिकीट बंद करतात. रात्री नऊलाच गळत असेल आणि सकाळी नसेल, तर तिकडं गर्दी आहे. तिथं दिवाण सरकवून काही होत नाही.

प्रणव: राउटर पॅसेजच्या फळीवर आणला. आत -६६, स्पीड ५८. राउटरला ५० पिंग, एकही गेला नाही.

सेक्रेटरीकाका: नितीन, आमचा आकडा -२३.४ येतोय. घाबरायचं का?

नितीन: नाही काका, मस्त आहे. फक्त तारखेसकट कुठंतरी लिहून ठेवा. पुढं नेट रडलं तर आधी तोच बघायचा.

विद्याकाकू: दिवाण वीतभर पुढं ओढलाय. नणंदबाईंना तिकडं बसू देणार नाही. मुलाखत सहाला आहे, तोवर कुणी आमच्या जिन्यातल्या डब्याला हात लावू नका रे.