शेक टेबलवर भूकंपरोधक इमारतीच्या तीन रचनांची तुलना: नववीच्या प्रदर्शनासाठी सल्ला हवा

मंजिरी_०९
माझी मुलगी नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी तिने शेक टेबल निवडलंय. साधी इमारत, तिरके आधार दिलेली आणि खाली गोट्यांवर ठेवलेली अशा तीन इमारती बनवून एकामागोमाग एक हलवायच्या आणि कोणती टिकते ते दाखवायचं, असा तिचा बेत आहे. पहिली इमारत स्ट्रॉ आणि हॉट ग्लूची केली. दर वेळी खांब शाबूत राहतात आणि डिंकाचा सांधाच निघतो. मोटर लावायची की हातानेच हलवायचं? आणि "टिकते" हे मोजायचं कसं?

कडीकोयंडा
मोटरच लावा. हाताने दोन वेळा सारखं हलवता येत नाही, मग तुलना कसली? रचनेचं म्हणाल तर उत्तर सरळ आहे. इमारत जितकी ताठ तितकी सुरक्षित. प्रत्येक मजल्यावर दोरीची फुली मारा. एकच तिरकी दोरी पुरत नाही, कारण दोरी ओढ घेते, दाब घेत नाही. फुली मारलेली इमारत जिंकणार, निष्कर्ष तयार.

लंबक
मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. मोटर आणि फुलीबद्दल कडीकोयंडा यांचं बरोबर आहे, पण "ताठ म्हणजे सुरक्षित" इथे मी थांबवेन. टेबल एकाच वेगाने हलवलंत तर कोणतीही रचना जिंकवता येते, फक्त वेग निवडायचा. प्रत्येक इमारतीची डोलण्याची स्वतःची एक लय असते. टेबलाची लय तिच्याशी जुळली की डोलणं वाढत जातं. प्रदर्शनात हेच दाखवण्यासारखं आहे.

मंजिरीताई, तीन इमारती करू नका. एकच करा आणि तिलाच तीन रूपं द्या, म्हणजे वजन आणि सांधे तिन्ही वेळा तेच राहतील. खांबांसाठी हॅकसॉची चार ब्लेडं घ्या. त्यांना दोन्ही टोकांना भोकं असतात, त्यामुळे लाकडी पाट्यांना स्क्रूने पक्की बसतात आणि डिंकाचा प्रश्नच मिटतो. दात आधी चिकटपट्टीने झाका. वरच्या पाटीचं वजन वॉशर लावून साडेचारशे ग्रॅमच्या आसपास आणा. वजन नसलेली इमारत नीट डोलत नाही, स्ट्रॉच्या मॉडेलांची अडचण बहुतेक वेळा हीच असते.

मग मोटर न लावता छत बोटाने बाजूला ओढून सोडा आणि दहा हेलकाव्यांना किती वेळ लागतो ते बघा. अशा मॉडेलला साधारण ४ सेकंद लागतील, म्हणजे सेकंदाला अडीच हेलकावे. स्क्रू किती घट्ट आहेत त्यावर थोडं कमी-जास्त होईल. तुमचा आकडा तोच खरा माना.

दुसऱ्या रूपात दोरीऐवजी ताणलेल्या इलॅस्टिकची फुली मारा. दोरीने इमारत इतकी ताठ होईल की तिची लय साध्या मोटरच्या आवाक्याबाहेर जाईल आणि ती नेहमीच जिंकल्यासारखी दिसेल. इलॅस्टिक कमी-जास्त ताणून लय सेकंदाला चारपर्यंत आणा, म्हणजे दहा हेलकावे अडीच सेकंदांत. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये टिपून मोजा.

तिसऱ्या रूपात फुली काढा आणि पायाची पाटी गोट्यांवर ठेवा. नुसत्या गोट्यांवर इमारत भरकटत जाते, म्हणून तिला चारही बाजूंनी टेबलाच्या कडांशी सैल रबर बँड बांधा. सेकंदाला एक हेलकावा आला की पुरे.

टेबलासाठी ड्रॉवरचे दोन चॅनेल आणि मिनिटाला ३०० फेऱ्यांची गिअर मोटर घ्या. ती सेकंदाला पाच हेलकाव्यांपर्यंत नेईल. वेग कमी करायला रेग्युलेटर लावा. टेबल ढकलणारी मोटरच्या चाकावरची पिन मध्यापासून ३ मिमीवर ठेवा, जास्त नको. ब्लेडं हेलकावे लवकर विरू देत नाहीत, त्यामुळे लय जुळली की छत फार लांब झेपावतं.

मंजिरी_०९
म्हणजे वेग हळूहळू वाढवत नेला की विजेता बदलत जाईल?

लंबक
हो. सेकंदाला एकच्या आसपास गोट्यांवरची इमारत सगळ्यात वाईट सरकेल. अडीचला साधी इमारत झोकांड्या खाईल आणि फुलीवाली शांत असेल. चारला पारडं फिरेल: फुलीवाली थरथरेल आणि साधीचं छत टेबलापेक्षाही कमी हलेल. गोट्यांवरची तेव्हा जवळपास जागच्या जागी असेल.

१९८५ साली मेक्सिको सिटीत हेच झालं. शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर आहे. तो गाळ साधारण दोन सेकंदांना एक हेलकावा या लयीत डोलला. सर्वाधिक फटका सहा ते पंधरा मजल्यांच्या आसपासच्या इमारतींना बसला. त्यांहून बुटक्या आणि खूप उंच अशा बऱ्याच इमारती तुलनेने बचावल्या.

कडीकोयंडा
हा मुद्दा मान्य. पण वेग वाढवला की धक्काही वाढतोच ना? मग तुलना सारख्या धक्क्याची कुठे राहिली?

लंबक
बरोबर पकडलंत. पिन तीच ठेवून वेग दुप्पट केला तर धक्का चौपट होतो. म्हणून अडीचवरच्या साध्या इमारतीची पाचवरच्या साध्या इमारतीशी तुलना करायची नाही. एक वेग धरायचा आणि त्या वेगाला तिन्ही रूपांचे आकडे शेजारी ठेवून बघायचे. तक्त्यात प्रत्येक वेगाला एक ओळ.

मोजताना छत किती हललं ते एकटं बघू नका. छताचं सरकणं आणि इमारतीच्या पायाच्या पाटीचं सरकणं यांतला फरक घ्या, कारण भिंती त्या फरकानेच तडकतात. मागे आलेखाचा कागद, छताला आणि पायाला एकेक रंगीत टाचणी, समोर स्थिर ठेवलेला मोबाईल. व्हिडिओ थांबवून दोन्ही टाचण्या एकाच क्षणी वाचा.

शिल्पा_घरकाम
आमच्या घराचं बांधकाम चालू आहे, तळमजला पूर्ण पार्किंगसाठी मोकळा सोडलाय. त्यालाही खाली अशा गोट्या किंवा रबर बसवता येईल का?

लंबक
शिल्पाताई, ते काम आराखडा ठरतानाच करायचं असतं आणि इमारतीला चहूबाजूंनी सरकायला जागाही सोडावी लागते. तुमच्या बाबतीत मला काळजी मोकळ्या तळमजल्याची वाटते. वर भिंती आणि खाली नुसते खांब असले की सगळं वाकणं त्याच एका मजल्यात गोळा होतं. २००१ च्या भूकंपात अहमदाबादमध्ये अशा कितीतरी इमारती तळमजल्यातच बसल्या. काम पुढे जाण्याआधी तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला हा प्रश्न स्पष्ट विचारा. इथल्या उत्तरावर थांबू नका.

प्रयोगवही
मी शाळेत विज्ञान शिकवते. एक सांगते, मोबाईल छतावर ठेवून phyphox या ॲपने त्वरण मोजायचं असेल तर मोबाईलच्या वजनाने लयच बदलते. तिन्ही रूपांत तो छतावर ठेवा, किंवा अजिबात ठेवू नका. आणि लंबक सर, एका मजल्याचं मॉडेल परीक्षकांना इमारत वाटेल का? मला दोन मजले हवेत. मग फक्त वरच्या मजल्याला फुली मारून मोकळा तळमजलाही दाखवता येईल.

लंबक
दोन मजल्यांना दोन लयी येतात आणि मोजणी गुंतागुंतीची होते. नववीसाठी मी एकच ठेवेन.

प्रयोगवही
मुलं दोन लयी सांभाळतात, मी बघितलंय. मोकळ्या तळमजल्याचा प्रकार सोडून द्यावा असं मला वाटत नाही.

मंजिरी_०९
लेक म्हणते, आधी एका मजल्याचा तक्ता पूर्ण करते, वेळ उरला तर दुसरा मजला. तिने एक विचारलंय: टोलेजंग इमारतीत टांगतात तसा लंबक आपल्या छताखाली टांगला तर?

लंबक
तिला म्हणावं दोरी साधारण ४ सेंमी ठेव. तेवढा लंबक सेकंदाला अडीच वेळा डोलतो, साध्या इमारतीच्या लयीतच. छताच्या वजनाच्या विसाव्या हिश्शाइतका नट पुरे. फक्त तो तेलात किंवा पाण्यात बुडता ठेवावा लागेल. नाहीतर घेतलेले हेलकावे तो थोड्या वेळाने इमारतीलाच परत देतो. वाटी किती भरायची हे मात्र तिला करूनच बघावं लागेल.