मदत हवी आहे: ‘नॉन-स्मोकिंग’ खोलीतील सिगारेटच्या शिळ्या वासाबद्दल हॉटेलला तक्रारपत्र

मृदुला_पुणे:
गेल्या आठवड्यात आईला घेऊन महाबळेश्वरला दोन रात्री राहिले. आईला दमा असल्यामुळे मुद्दाम ‘नॉन-स्मोकिंग’ म्हणून नोंदवलेली खोली घेतली होती. भाडे रात्रीला 5,200 रुपये. दुपारी अडीचला दार उघडताच जुन्या धुराचा वास आला. खोलीत कोणी ओढत नव्हते, पण पडद्याला नाक लावले की तोच वास होता आणि एसी सुरू केल्यावर तो वाढत होता. तक्रार केली तेव्हा एक मुलगा सुगंधी फवारा मारून गेला आणि आईचा खोकला अधिकच वाढला. दुसरी खोली मिळाली ती दुसऱ्या दिवशी अकरा वाजता. पत्राचा मसुदा केला आहे, त्यात मानसिक त्रासापोटी पन्नास हजार मागितले आहेत. वासाचा पुरावा कसा द्यायचा, हे मात्र समजत नाही.

रानवारा:
ताई, 2003 च्या तंबाखूविरोधी कायद्याने हॉटेलात धूम्रपानाला सरसकट बंदी आहे. सरळ पोलिसांत जा, पत्राची गरजच नाही.

देशमुख_काका:
मी अनेक वर्षे हॉटेलांच्या फ्रंट ऑफिसमध्ये काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. रानवारा, बंदी सरसकट नाही. तीस किंवा त्याहून अधिक खोल्यांच्या हॉटेलला धूम्रपानाच्या खोल्या ठेवता येतात. मात्र 2008 च्या नियमांप्रमाणे त्या वेगळ्या मजल्यावर किंवा वेगळ्या भागात एकत्र असाव्या लागतात, त्यांच्यावर तशी पाटी असावी लागते आणि तिथला धूर इतरत्र येता कामा नये. शिवाय त्या कायद्यातला दंड ओढणाऱ्याला दोनशे रुपयांपर्यंतचा. त्यातून मृदुलाताईंना काही मिळणार नाही. त्यांचे पैसे सेवेतील त्रुटीच्या मुद्द्यावर परत मिळतील.

आता पुराव्याचे. वासाचा फोटो निघत नाही, म्हणून पत्रात वासाचे वर्णन कमी आणि वेळा जास्त असाव्यात. रिसेप्शनला काही लिहून पाठवले होते का? त्याच दिवशीचा एक साधा संदेश नंतरच्या चार पानी पत्रापेक्षा वजनदार ठरतो. तुमच्यासाठी सर्वांत भक्कम गोष्ट म्हणजे हॉटेलने स्वतःच खोली बदलून दिली. वास नसता तर फवारा कशाला मारला असता आणि खोली कशाला बदलली असती? सिगारेटचा वास पडदे, गादी आणि एसीच्या जाळीत मुरतो, फवाऱ्याने तो जात नाही, नुसता झाकला जातो, हे आमच्या हाऊसकीपिंगला पक्के ठाऊक असे.

सावनी:
आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावरचे आजोबा बाल्कनीत ओढतात आणि सगळा धूर आमच्या बेडरूममध्ये येतो. त्याबद्दलही असेच पत्र चालेल का?

देशमुख_काका:
सावनी, तो विषय वेगळा आहे, तिथे तुमचे पैसे कोणी घेतलेले नाहीत. वेगळा धागा काढा. मृदुलाताई, आधी एक पाहा: व्हाउचरवर ‘नॉन-स्मोकिंग’ हे शब्द खोलीच्या प्रकारातच आहेत, की खाली ‘विशेष विनंती, उपलब्धतेनुसार’ या रकान्यात? पहिले असेल तर ते दिलेले वचन आहे. दुसरे असेल तर हॉटेल त्याच ओळीकडे बोट दाखवेल.

मृदुला_पुणे:
आताच पाहिले. खोलीच्या नावातच आहे! व्हॉट्सअॅपवर 2.52 ला रिसेप्शनला संदेशही गेला होता आणि त्यावर ‘सॉरी मॅडम, हाऊसकीपिंगला पाठवतो’ असे उत्तर आहे.

देशमुख_काका:
मग पन्नास हजारांचा आकडा काढून टाका. तो वाचला की व्यवस्थापक पत्र बाजूला ठेवतो. मागणी एवढीच ठेवा:

‘आपल्याकडे धूम्रपानविरहित म्हणून आरक्षित केलेल्या खोलीत प्रवेश करतानाच शिळ्या धुराचा वास होता. 2.52 वाजता कळवल्यावर आपल्या कर्मचाऱ्याने दिलगिरी व्यक्त करून फवारा मारला, तथापि वास गेला नाही आणि दुसऱ्या दिवशी 11 वाजता आपण खोली बदलून दिली. पहिल्या रात्रीचे 5,200 रुपये पंधरा दिवसांत परत करावेत. ही खोली आपल्या हॉटेलात धूम्रपानाची म्हणून वापरली जाते का, हेही लेखी कळवावे.’

शेवटचे वाक्य गाळू नका. लेखी ‘नाही’ म्हणायचे तर त्यांना आधी खोलीच्या नोंदी पाहाव्या लागतील. पत्र व्यवस्थापकाला ईमेलने आणि स्पीड पोस्टने पाठवा, बुकिंग संकेतस्थळालाही प्रत द्या. पंधरा दिवसांत काही झाले नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षे असतात आणि आता राहत्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. पुण्याहून साताऱ्याला खेटे घालायला नकोत.

रानवारा:
त्या रात्री आईंना डॉक्टरकडे न्यावे लागले असेल तर ते बिलही जोडा.

मृदुला_पुणे:
नेब्युलायझरच्या औषधाचे 340 रुपयांचे बिल आहे, पण दमा आधीपासूनच असल्याने ते मागावे की नाही, हे ठरत नाही.

देशमुख_काका:
मी असतो तर प्रत जोडली असती, रक्कम मागितली नसती. वकिलांचे मत वेगळे असू शकते. इथे कोणी असल्यास सांगावे.

मृदुला_पुणे:
ठीक आहे. बिलाबाबत उद्या सकाळपर्यंत वाट पाहते, मग पत्र टपालात टाकते.