रिव्ह्यू चॅटजीपीटीने लिहिला तर बिघडलं कुठे?

कागदीघोडा: जर्नलला आलेला पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरने रिपोर्ट लिहायला चॅटजीपीटी वापरलं की लगेच गहजब! एक पैसा मिळत नाही, डेडलाइन मात्र कडक. मुद्दे चांगले असले की झालं, आणि एडिटरला कळतंय कुठे?

शाईचाडाग: कळतं. मी एका जर्नलचं एडिटिंग करते म्हणून हे वाचून डोकं फिरलं. परवाचंच सांगते, तपशील थोडे बदलून. पेपर असा की एकाच पेशंटचं ब्लड प्रेशर जुन्या आणि नव्या अशा दोन्ही मशीनने मोजलं, आणि नवं मशीन जुन्याच्या जागी चालेल का हा प्रश्न. एक रिपोर्ट आला दीड पान, हेडिंगं बिडिंगं टापटीप. "कंट्रोल ग्रुप असता तर बरं", "सॅम्पल साइजचं समर्थन द्या", "मर्यादांवर चर्चा करा". आता प्रत्येक पेशंटवर दोन्ही मशीन लावल्यावर कंट्रोल ग्रुप कुणाचा करायचा? सॅम्पल साइजचं गणित मेथड्समध्ये होतं आणि मर्यादांचा अख्खा परिच्छेद होता. दुसऱ्या रिव्ह्यूअरने चार ओळी खरडल्या होत्या, त्याही चिडून: कोरिलेशन ०.९४ आहे म्हणून दोन्ही मशीन सारखीच असं म्हणता येत नाही, एखादं मशीन कायम १० ने जास्त दाखवत असेल तरी कोरिलेशन उत्तमच येईल, फरकांचा आलेख काढा, प्रेशर वाढतं तसा फरकही वाढतोय असं टेबल ३ वरून दिसतंय. त्या चार ओळींवर पेपरचा निकाल लागला. ब्लँड आणि आल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी हे १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये लिहून ठेवलंय, तरी दीड पानात त्याचा मागमूस नाही.

टाइमपासराव: एवढा खटाटोप कशाला, एआयचं लिखाण ओळखणाऱ्या डिटेक्टरमध्ये टाका, सेकंदात कळेल.

शाईचाडाग: नका टाकू. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी तपासलं, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून जास्त त्या डिटेक्टरांनी मशीनचे ठरवले. मी साधं बघते, हा मुद्दा उचलून दुसऱ्या कुठल्याही पेपरला चिकटवला तर चालेल का? सगळेच मुद्दे चालत असतील, एकाही टेबलाचं किंवा आकृतीचं नाव नसेल, तर रिव्ह्यूअरला मेल टाकते की "मर्यादांच्या परिच्छेदात नेमकं काय कमी पडलं?" वाचलेला माणूस उत्तर देतो, न वाचलेला गायब. यावेळीही गायबच, मग तिसरा रिव्ह्यूअर शोधला आणि लेखकांचा महिना गेला.

कागदीघोडा: म्हणजे चॅटजीपीटी नव्हतं तेव्हा रिव्ह्यू काय सोन्याचे यायचे? "सॅम्पल वाढवा, इंग्रजी सुधारा" हे मी कायम ऐकत आलोय.

शाईचाडाग: यायचे ना भिकार. पण दोन ओळींचे यायचे, वाचताच कळायचं की माणसाने टाळलंय. आता टाळलेलं काम दीड पान भरून येतं आणि नवखा एडिटर फसतो.

पाचवीपूजलेला: ते सगळं सोडा, माझा पेपर माणसानेच वाचला होता आणि "हे पाच संदर्भ घाला" म्हणाला, पाचही त्याचेच! एडिटरने तसंच पुढे ढकललं. मशीन बरं, निदान स्वतःचे पेपर तरी घुसवत नाही.

टाइमपासराव: नाही घुसवत, अस्तित्वात नसलेले घुसवतं 😂

पाचवीपूजलेला: हसा. तीन घातले, दोन नाही घातले तर पुन्हा मेजर रिव्हिजन. ब्लॅकमेल आहे हे, यावर धागा काढा कुणीतरी.

कागदीघोडा: अगदी! आणि हे सगळं फुकट करायचं, पब्लिशर नफा कमावणार.

शाईचाडाग: पाचही एकाच माणसाचे असतील तर एडिटरला वेगळं कळवायचं, ती यादी काढून टाकणं आमचं काम आहे, तुमच्या एडिटरने केलं नाही ही त्याची चूक. पैशाबद्दल भांडा, मीही येते. पण वेळ नसेल तर नाही म्हणा ना, हो म्हणून कचरा कशाला पाठवता?

अर्धविराम: मला एक विचारायचंय. माझं इंग्रजी कच्चं आहे, पेपर मी नीट वाचते, मुद्दे माझेच, फक्त वाक्यं मशीनकडून सरळ करून घेते. मीपण चोर का?

शाईचाडाग: चोर नाही. पण चिकटवता काय ते बघा. मॅन्युस्क्रिप्ट अप्रकाशित असते, विश्वासाने दिलेली, आणि तुमच्या रिपोर्टमध्येही तिचे आकडे असतातच. वैद्यकीय संशोधनाला पैसे देणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संस्थेने २०२३ मध्ये ग्रांट रिव्ह्यूसाठी अशी टूल्स वापरायला सरळ बंदी घातली ती गोपनीयतेसाठीच. जर्नलांचे नियम वेगवेगळे, कुठे भाषेपुरतं सांगून वापरलं तर चालतं, कुठे अजिबात नाही. आणि मोडकं इंग्रजी मला चालतं हो, "टेबल ३ चुकलं" एवढं कळलं की पुरे.

अर्धविराम: तुम्हाला चालतं. मोडक्या इंग्रजीत पाठवलेल्या रिपोर्टला एका एडिटरने "अव्यावसायिक" म्हटलं होतं, मुद्द्यांवर एक शब्द नाही.

कागदीघोडा: बरं, न वाचता पाठवणं वाईट, हे घ्या मान्य केलं, आनंद झाला? पण वाचून वापरणाऱ्यालाही तुम्ही त्याच पिशवीत घालताय.

शाईचाडाग: मी काही घालत नाहीये, मेलला उत्तर द्या एवढंच म्हणतेय.

पाचवीपूजलेला: आणि ते तीन संदर्भ आता काढता येतील का, पेपर छापून झालाय?