जाधव प्रकरण, मे २०१७: फाशीची तारीखच ठरली नव्हती, मग तातडी कुठून आली?

तिसरं वर्ष, लॉ कॉलेज रोड
पुढच्या आठवड्यात मूट, म्हणजे कॉलेजातला अभिरूप खटला, आहे आणि माझ्या वाट्याला पाकिस्तानची बाजू आली आहे. हेरगिरीच्या आरोपावरून पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने कुलभूषण जाधवांना फाशी सुनावली होती आणि त्याविरुद्ध भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला होता. १५ मे २०१७च्या सुनावणीत पाकिस्तानने सांगितलं होतं की अपील आणि दयेच्या अर्जाचे टप्पे अजून बाकी आहेत, फाशी झालीच तरी बहुधा ऑगस्टच्या आधी होणार नाही. तरी हेगच्या न्यायालयाने तीनच दिवसांत, १८ मे रोजी, एकमताने फाशी थांबवायला सांगितलं. माझं मत असं की जीवाचा प्रश्न होता म्हणून तात्पुरत्या आदेशासाठी लागणारी तातडीची कसोटी सैल केली. कुणाला वेगळं वाटत असेल तर कारणासकट सांगा.

कोथरूडकर
सैल वगैरे काही नाही. भारताची बाजू खरी होती, ती न्यायालयाला पटली, म्हणून आदेश आला. त्या दिवशी आमच्या चौकात पेढे वाटले होते, मला चांगलं आठवतंय. २०१७ सालीच आपण केस जिंकलो, २०१९चा निकाल म्हणजे त्यावरचा शिक्का.

औंधची वकील
कोथरूडकर, तुमचा आनंद खरा होता, पण मे २०१७मध्ये कुणीही काही जिंकलं नव्हतं. त्या आदेशातच लिहिलं आहे की मूळ वादावर त्यातून काहीही ठरत नाही. अधिकारक्षेत्रसुद्धा फक्त प्रथमदर्शनी पाहिलं गेलं. अंतिम निकालापर्यंत जाधवांना फाशी होऊ नये यासाठी पाकिस्तानने हातातले सगळे उपाय करावेत आणि काय केलं ते न्यायालयाला कळवावं, एवढंच त्यात होतं. १७ जुलै २०१९ला भारताची बाजू बरीचशी मान्य झाली, पण शिक्षा रद्द करून सुटका करावी ही मागणी फेटाळलीच गेली. जाधवांना भारतीय अधिकाऱ्यांची भेट द्या आणि शिक्षेचा फेरविचार करा, असं पाकिस्तानला सांगितलं.

आता मूळ मुद्दा. तिसरं वर्ष, तुम्ही तातडी कॅलेंडरवर मोजताय. न्यायालय ती दोन घटनांमध्ये मोजतं. एक घटना म्हणजे ज्याची भीती आहे ती हानी, दुसरी म्हणजे स्वतःचा अंतिम निकाल. पहिली दुसरीच्या आधी घडण्याचा खरा आणि जवळचा धोका असला की तातडी आहे. ऑगस्ट तीन महिन्यांवर होता हे खरं, पण मूळ खटल्याचा निकाल ऑगस्टपर्यंत लागणं शक्यच नव्हतं. प्रत्यक्षात तो दोन वर्षांहून जास्त काळाने लागला. त्यामुळे 'ऑगस्टच्या आधी नाही' हे विधान पाकिस्तानच्या विरोधात गेलं. न्यायालयाने त्याचा सरळ अर्थ लावला: म्हणजे त्यानंतर कधीही होऊ शकते. आणि लगेच पुढे नोंदवलं की निकाल लागेपर्यंत फाशी देणार नाही, अशी कोणतीही हमी पाकिस्तानने दिलेली नाही.

त्या हमीपाशी थांबा. तुमची अख्खी मूट तिथे आहे.

एरंडवण्याचा
औंधच्या ताई, दोन घटनांची मोजणी मान्य. पण या न्यायालयाने पूर्वी जास्त काटेकोरपणा दाखवला होता. मेक्सिको विरुद्ध अमेरिका पाहा. जानेवारी २००३मध्ये मेक्सिकोने आपल्या चोपन्न नागरिकांसाठी स्थगिती मागितली, सगळे फाशीच्या शिक्षेचे कैदी. ५ फेब्रुवारीला स्थगिती मिळाली फक्त तिघांना, कारण त्यांनाच जवळचा धोका होता. बाकीच्यांना सांगितलं की तुमची वेळ आलेली नाही. मग जाधवांची वेळ आली होती, असं कशावरून?

औंधची वकील
चांगलं उदाहरण आहे, पण त्याच आदेशाची भाषा बघा. त्या तिघांना येत्या काही महिन्यांत, कदाचित काही आठवड्यांतही, फाशी होऊ शकते असं न्यायालयाने म्हटलं होतं. म्हणजे 'महिने' तेव्हाही चालले होते. बाकीच्यांची अपिलं वेगवेगळ्या पायऱ्यांवर होती आणि ती किती वर्षं चालतील हे कुणालाच सांगता येत नव्हतं. जाधवांच्या बाबतीत सगळ्या टप्प्यांचा शेवट कधी, ते पाकिस्ताननेच सांगून टाकलं.

आता हमी. हिसेन हाब्रे हे चाडचे माजी राष्ट्राध्यक्ष, सेनेगलमध्ये आश्रयाला होते. त्यांच्यावर खटला चालवा नाहीतर आमच्या ताब्यात द्या, असं म्हणत बेल्जियम २००९मध्ये हेगला गेलं. निकालाआधीच ते देश सोडून जातील ही बेल्जियमची भीती. सुनावणीत न्यायाधीशांपैकी एकाने सेनेगलला थेट विचारलं: प्रकरण इथे चालू असेपर्यंत त्यांना देश सोडू देणार नाही, अशी गंभीर हमी देता का? सेनेगलने दिली. २८ मे २००९ला न्यायालयाने तात्पुरता आदेश नाकारला, कारण तातडी उरली नाही. हक्क पटण्याजोगा होता, हानीही होण्यासारखी होती. एका वाक्याने तातडी गेली.

पाकिस्तानच्या वकिलांना ते वाक्य उच्चारता आलं असतं. त्यांनी उच्चारलं नाही.

सोसायटीची सेक्रेटरी, बिबवेवाडी
माफ करा, मध्येच बोलते. आमच्या पुनर्विकासात बिल्डरने ठरलेल्या नकाशाबाहेर भिंत घालायला सुरुवात केली तेव्हा आम्ही स्टे मागितला. आमच्या वकिलांनीही हेच सांगितलं होतं: प्रथमदर्शनी केस हवी, सोयीचा तोल आपल्याकडे हवा आणि नुकसान भरून न येणारं हवं. तिसऱ्यावर आम्ही अडलो. पैशात भरपाई होईल म्हणाले आणि स्टे मिळाला नाही. आज त्या भिंतीमुळे तळमजल्यावरच्या आजींच्या खोलीत दुपारी दिवा लावावा लागतो. मग हेगला तरी 'भरून न येणारं' कशाला म्हणतात? तिथे फक्त जीव गेला तरच स्टे मिळतो का?

औंधची वकील
ताई, तुमचा प्रश्न मध्येच आलेला नाही, याच विषयाचा आहे. जीव जाणंच लागतं असं नाही. निकाल देताना न्यायालयाच्या हातात देण्यासारखं काही उरणार आहे की नाही, हे बघतात. तुमच्या खोलीतला उजेड पैशात मोजला जातो हा आपल्या इथल्या पद्धतीचा दोष म्हणा हवं तर. हेगला मात्र हक्क देशाचा असतो आणि देशाच्या पुष्कळ हक्कांची किंमत पैशात होतच नाही. सोयीचा तोल ही कसोटी तिथे तुमच्या वकिलांनी सांगितली तशी वेगळी लिहिलेली नसते.

जाधवांच्या प्रकरणात हक्क होता व्हिएन्ना कराराच्या ३६व्या कलमाचा: आपल्या अटक झालेल्या नागरिकाला भेटणं, त्याच्याशी बोलणं, त्याच्यासाठी वकिलाची सोय करणं. फाशी झाली असती तर २०१९मध्ये 'हक्क मोडला' एवढं कागदावर राहिलं असतं, फेरविचार कुणाच्या शिक्षेचा करायचा? अमेरिकेत फाशीची शिक्षा झालेल्या लाग्रांड या दोन जर्मन भावांचं तेच झालं. जर्मनीने २ मार्च १९९९ला संध्याकाळी अर्ज केला, दुसऱ्या दिवशी सुनावणी न घेताच आदेश निघाला आणि त्याच दिवशी ॲरिझोनात वॉल्टर लाग्रांडला मारण्यात आलं. हे आदेश पाळणं बंधनकारक आहे, हे न्यायालयाने स्पष्ट सांगितलं ते २००१मध्ये त्याच खटल्याच्या निकालात. त्याला तोवर दोन वर्षं झाली होती.

एरंडवण्याचा
तातडीवर मी मागे हटतो. पण अर्जदाराचा हक्क निदान पटण्याजोगा असावा, या दुसऱ्या अटीवर नाही. जाधवांच्या आदेशाच्या जेमतेम एक महिना आधी, १९ एप्रिल २०१७ला, याच न्यायालयाने युक्रेनची रशियाविरुद्धची, दहशतवादाला पैसा पुरवण्याबद्दलची मागणी फेटाळली. हक्क करारात आहे एवढं पुरत नाही, पैसा देणाऱ्याचा हेतू किंवा त्याला असलेली माहिती दाखवणारा पुरेसा पुरावा आणा, असं सांगितलं. आणि पाकिस्तानचं म्हणणं होतं की हेरगिरीच्या आरोपीला ३६वं कलम लागूच होत नाही, शिवाय २००८च्या दोन देशांच्या कराराप्रमाणे सुरक्षेच्या कारणावरून झालेल्या अटकेत भेट द्यायची की नाही हे गुणदोष पाहून ठरवता येतं. एवढे गंभीर आक्षेप असताना न्यायालयाने ते पुढच्या टप्प्यावर ढकलले. एकाला पुराव्याचं माप लावलं, दुसऱ्याला नुसत्या शब्दांचं. हे बरोबर नाही, आणि पुढचा अर्जदार कोणत्या मापाला तयार राहणार?

औंधची वकील
तुमच्या तक्रारीत तथ्य आहे, पण या दोन आदेशांबाबत मला फरक दिसतो. युक्रेनच्या प्रकरणात हेतू हा हक्काचाच भाग होता आणि वाद नेमका त्याच्यावर होता. जाधवांच्या प्रकरणात घटनांवर वाद नव्हता. अटक ३ मार्च २०१६ची, भारताला कळवलं २५ मार्चला आणि नंतर वारंवार मागूनही भेट दिलेली नाही, यातलं काहीच पाकिस्तानने नाकारलं नाही. उलट २१ मार्च २०१७ला लिहून दिलं की तपासात भारत कसं सहकार्य करतो ते बघून भेटीचा विचार होईल. भेटीवर अट घातली, हे त्यांच्याच कागदात आलं. उरला होता फक्त कायद्याचा अर्थ, आणि तो दहा दिवसांत लावायचा नसतो. २०१९मध्ये तोच हेरगिरीचा आणि २००८च्या कराराचा आक्षेप सविस्तर ऐकून फेटाळला गेला.

मात्र माप किती इंच, हे न्यायालयाने कधीच लिहिलेलं नाही. तिथे मी तुमच्याशी भांडणार नाही.

तिसरं वर्ष, लॉ कॉलेज रोड
म्हणजे मी पाकिस्तानच्या बाजूने उभी राहून ऑगस्टचा मुद्दा सोडून द्यायचा आणि पहिल्याच मिनिटाला हमी द्यायची?

औंधची वकील
द्यायची, पण कशी देता ते बघा. 'आमच्या कायद्याप्रमाणे कार्यवाही होईल' ही हमी नाही. निकाल लागेपर्यंत शिक्षेची अंमलबजावणी होणार नाही, असं सरकारच्या वतीने, काळाची मर्यादा न घालता म्हणावं लागेल. पूर्व तिमोरच्या प्रकरणात जप्त केलेले कागद वादाशी संबंधित कुणाला दाखवणार नाही असं ऑस्ट्रेलियाने लेखी दिलं होतं, पण राष्ट्रीय सुरक्षेचा अपवाद ठेवून, म्हणून मार्च २०१४मध्ये न्यायालयाला ते अपुरं वाटलं आणि आदेश निघालाच. आणि तुमच्यासमोर बसलेले एक अवघड प्रश्न नक्की विचारतील: शिक्षा लष्करी न्यायालयाची आहे, मग तुम्ही दिलेला शब्द लष्कराला बांधतो का?

एरंडवण्याचा
बांधतो. देश एकच असतो, लष्कर त्याचाच भाग. सेनेगलचा शब्द चालला तर पाकिस्तानचाही चालायला हवा होता, आणि मग आदेश निघालाच नसता.

औंधची वकील
मला नाही वाटत. हाब्रे तेव्हा सेनेगलमध्येच नजरेखाली होते आणि शब्द मोडला असता तरी त्यांना परत आणण्याची शक्यता उरत होती. इथे शब्द मोडल्यावर परत आणायला माणूस उरला नसता. तेवढ्याच हमीवर मी तरी आदेश नाकारला नसता.

तिसरं वर्ष, लॉ कॉलेज रोड
गुरुवारी मूट आहे. लष्कराच्या त्या प्रश्नावर परीक्षक काय म्हणतात ते इथेच लिहिते.