समुद्राची पातळी नेमका कोणता बर्फ वाढवतो?

शंतनू, दादर: सप्टेंबर २०१२ मध्ये आर्क्टिकचा समुद्री बर्फ सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत आक्रसला होता. मुंबईच्या किनाऱ्याला धोका त्याचा अधिक आहे की अंटार्क्टिकाचा?

अनघा: माझ्या मते दोन्हींचा नाही. काठोकाठ भरलेल्या पेल्यातला बर्फ वितळला, तरी पाणी सांडत नाही. अंटार्क्टिकातला लार्सन बी हा तरंगता पट्टा २००२ मध्ये काही आठवड्यांत फुटला, तेव्हा समुद्र कुठे चढला?

विद्याधर: पेल्याचा दाखला आर्क्टिकपुरता जवळजवळ खरा आहे. जवळजवळ म्हणायचे कारण असे, की हजार टन तरंगता बर्फ सुमारे ९७५ घनमीटर खारे पाणी बाजूला सारतो, पण वितळल्यावर त्याचे गोडे पाणी हजार घनमीटर होते. तरीही आर्क्टिकचा सगळा समुद्री बर्फ वितळला, तर जगभरची पातळी जेमतेम एखाद-दुसऱ्या मिलिमीटरने वाढेल.

लार्सन बीबद्दल मात्र मी असहमत आहे. तो पट्टा स्वतः तरंगत होता, परंतु जमिनीवरून उतरणाऱ्या हिमनद्यांना तो अडवून धरत होता. तो फुटल्यावर हेक्टोरिया आणि ग्रीन या हिमनद्यांचा वेग कित्येक पटींनी वाढला, तर दक्षिणेकडे जिथे पट्ट्याचा तुकडा शाबूत राहिला, तिथल्या फ्लास्क हिमनदीच्या वेगात त्या काळात फारसा फरक पडला नाही. याहून बोलका पुरावा क्वचितच मिळतो. जमिनीवर टेकलेला बर्फ तरंगू लागतो त्याच क्षणी पातळी वाढते. तो पुढे कधी वितळतो, हा प्रश्न गौण आहे. असा सुमारे ३६० अब्ज टन बर्फ समुद्रात आला की जगभर एक मिलिमीटर वाढ होते, आणि १९९२ ते २०१७ या काळात अंटार्क्टिकाने सुमारे २,७०० अब्ज टन बर्फ गमावला.

सुलभा, परळ: आमच्या चाळीत दर जुलैला पाणी शिरते, ते याचमुळे का?

विद्याधर: नाही, सुलभाताई. ते मुख्यतः मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आल्यामुळे तुंबते. समुद्र चढेल तसा निचरा आणखी अवघड होईल, एवढाच त्याचा येथे संबंध.

फिरोज: आर्क्टिकला इतक्या सहज निर्दोष ठरवू नका. पांढरा बर्फ गेला की काळे पाणी ऊन शोषते, परिसर तापतो, आणि ग्रीनलंडही त्याच प्रदेशात आहे. गेल्या दोन दशकांत वर्षाकाठी अंटार्क्टिकापेक्षा ग्रीनलंडनेच सरासरी अधिक बर्फ गमावला आहे.

विद्याधर: ग्रीनलंडचा आकडा मान्य, पण तो जमिनीवरचा बर्फ आहे, प्रश्न समुद्री बर्फाचा होता. शिवाय अंटार्क्टिकाचा बर्फ घटला की त्याचे गुरुत्वाकर्षण कमी होऊन पाणी तिथून दूर सरकते, त्यामुळे तिथल्या घटीचा फटका उत्तर गोलार्धाला जागतिक सरासरीपेक्षा अधिक बसतो.

फिरोज: तरीही समुद्री बर्फ गेल्याने ग्रीनलंडचे वितळणे किती वाढते, हे वेगळे काढल्याशिवाय मी त्याला हिशेबातून वगळणार नाही.