क्लीन शीट मोजून कीपर ठरवायचा का?

रेड_पुणे: मँचेस्टर युनायटेडच्या दे हेयाने २०२२-२३ ला १७ क्लीन शीट ठेवून, म्हणजे १७ मॅचला एकही गोल न खाता, प्रीमियर लीगचा गोल्डन ग्लव्ह घेतला आणि त्याच उन्हाळ्यात युनायटेडने त्याला जाऊ दिलं. लीगमध्ये सगळ्यात जास्त क्लीन शीट असलेला कीपर वाईट कसा?

निखिल_के: वाईट नाही, पण १७ हा आकडा अख्ख्या टीमचा आहे. पुढे कासेमिरो, वरान, लिसांद्रो असताना कित्येक मॅचला टार्गेटवर दोन-तीन शॉट आणि तेही सरळ अंगावर. खरं बघायचं ते पोस्ट-शॉट एक्सजी, म्हणजे बॉल पायातून सुटल्यावर कुठल्या कोपऱ्यात किती जोरात चाललाय त्यावरून गोल व्हायची शक्यता काढतात, सगळ्या शॉट्सची बेरीज करतात आणि त्यातून खाल्लेले गोल वजा करतात. समजा एकाने ०.०५ चे दोन शॉट अडवले, क्लीन शीट मिळाली पण वाचवला गोलचा दहावा भाग. दुसऱ्यावर सात शॉट आले, बेरीज २.६, एक गोल खाल्ला, म्हणजे त्याने १.६ गोल वाचवले आणि क्लीन शीटच्या खात्यात त्याला भोपळा.

दे हेयाचंच घ्या, डिसेंबर २०१७, आर्सेनलच्या मैदानावर १४ सेव्ह, युनायटेड ३-१ जिंकलं. लाकाझेटने एक मारला म्हणून क्लीन शीट नाही! त्या सीझनला १८ क्लीन शीट होत्या, नंतरच्या १७ च्या जवळपास तेवढ्याच, पण टीमने गोल खाल्ले तेव्हा २८ आणि नंतर ४३.

सांगलीकर: अरे ४३ मधले १७ तर तीनच मॅचचे, लिव्हरपूल ७, सिटी ६, ब्रेंटफोर्ड ४. ते काढा, ३५ मॅचला २६ गोल, भारीच की.

निखिल_के: काढायचे कशाला? ब्रेंटफोर्डचा पहिला गोल त्याच्याच हाताखालून गेला होता. क्लीन शीटला ०-७ आणि ३-१ सारखेच, हाच तर प्रॉब्लेम.

गोली_कोल्हापूर: मी शाहू स्टेडियमवर कीपिंग करतो, आमच्याकडे एक्सजी कोण काढणार? आमचा कोच क्लीन शीटच मोजतो आणि डिफेन्स ढिला असला की बोलणी मला.

मीनल_जी: मोबाइलवर मॅच शूट करा आणि टार्गेटवरचा प्रत्येक शॉट लिहा, कुठून आला, कुठल्या कोपऱ्यात, समोर कुणी आडवं होतं का. ढोबळ असेल, पण कोचला दाखवता येईल. आणि निखिल, तुझ्या आकड्यातही भोक आहे. कीपर पुढे येऊन थ्रू बॉल साफ करतो किंवा क्रॉस पकडतो तेव्हा शॉटच होत नाही, मग त्याच्या खात्यात काहीच जमा होत नाही. दे हेयावर खरी टीका लाइन न सोडण्याची आणि पायाने खेळण्याची होती, त्यातलं यात काय दिसतं?

निखिल_के: हे मान्य, ते वेगळं मोजावं लागतं. शिवाय एका सीझनला शंभर-सव्वाशे शॉट, त्यात नशिबाने तीन-चार गोल इकडेतिकडे होतात, म्हणून मी दोन-तीन सीझन एकत्र बघतो.

सांगलीकर: तीन सीझन थांबेपर्यंत कीपर विकला गेलेला असतो. मी अजून क्लीन शीटवालाच.